जळगावला आभाळ स्वच्छ, विमान समोर उभं, तरी 'क्रूचे तास संपले' म्हणून उशीर का?

कारण सकाळचा उशीर त्याच विमानाबरोबर आणि त्याच वैमानिकांबरोबर संध्याकाळपर्यंत पुढे सरकत येतो. विमानसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या नियमांत दोन वैमानिकांची ड्युटी दोन लँडिंगपर्यंत जास्तीत जास्त 13 तास असते. लँडिंग वाढली की ती कमी होते, चारला 12. हे घड्याळ रिपोर्टिंगला सुरू होतं आणि शेवटचं विमान उभं राहिल्यावरच थांबतं. ताटकळत बसलेला वेळही त्यातच धरतात.

समजा, क्रू सकाळी 7 ला हजर झाला, चार लँडिंग आहेत, शेवटची जळगाव-पुणे. वेळेवर चाललं तर 6 ला सुटका. पण सकाळी कुठे धुक्यात दीड तास गेला, तर पुण्याला पोचायला साडेसात होणार, आणि मर्यादा 7 ची. मग मुदतवाढ मिळाल्याशिवाय जळगावहून उड्डाणच करता येत नाही. राखीव क्रू मोठ्या तळावर असतो, इथे नाही. खरी गोम तीच.

ही मुदतवाढ अनपेक्षित अडचणीत मिळते, पण मर्यादित, आणि कॅप्टन थकलाय म्हणाला तर विषय संपला. घरून निघण्याआधी येणारं विमान कुठवर आलंय ते ट्रॅकिंग अ‍ॅपवर बघा.