सगळे कबूतर राहिले तर सगळ्यांचाच फायदा, मग तसं होत का नाही?

«ससाणा-कबुतराच्या खेळात एकाच गोष्टीसाठी दोन प्राणी समोरासमोर येतात: ‘ससाणा’ नेहमी लढतो, ‘कबूतर’ कधीच लढत नाही. त्या गोष्टीचं मोल V = ४ आणि लढाईत हरणाऱ्याचं नुकसान C = १० धरलं तर ससाण्यांचं प्रमाण ४० टक्के येतं. पण तिथे प्रत्येकाला सरासरी १.२ मिळतात. सगळेच कबूतर असते तर २ मिळाले असते. मग याला स्थिर का म्हणायचं? माझं गणित चुकलंय का?»

गणित अगदी बरोबर आहे. अडचण ‘स्थिर’ या शब्दात आहे. आपण नकळत त्याचा अर्थ ‘सगळ्यांच्या भल्याचा’ असा घेतो. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस या संशोधकांनी १९७३ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात स्थिर डावाची ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांचा प्रश्न वेगळा होता: सगळे एका पद्धतीने वागत असताना थोडेसे वेगळे वागणारे त्यांच्यात शिरले, तर ते टिकतील का?

तुमचेच आकडे घेऊ. हे आकडे म्हणजे त्या झटापटीमुळे संततीत पडलेला फरक, एवढं मनात पक्कं ठेवा. सगळे कबूतर असलेल्या कळपात एकच ससाणा जन्मला असं समजा. शेजारी आपसात २-२ वाटून घेताहेत आणि याला दर वेळी अख्खे ४ मिळताहेत, कारण समोरचा लढतच नाही. त्याची पिल्लं वाढणारच. कळपाचं पुढे काय होईल, हे त्या ससाण्याच्या हिशोबात कुठेच येत नाही. म्हणून २ ची ती सुखाची स्थिती टिकत नाही.

ससाणे वाढले की ते एकमेकांना भिडू लागतात. दोन ससाण्यांच्या लढतीत प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी (V − C)/२, म्हणजे उणे ३ येतात. ससाणे ३० टक्के असताना ससाण्याला १.९ आणि कबुतराला १.४ मिळतात, म्हणजे ससाणे अजून वाढतील. ते ५० टक्के झाले की ससाण्याला ०.५ आणि कबुतराला १, म्हणजे आता ते घटतील. ४० टक्क्यांवर दोघांनाही १.२ मिळतात आणि ओढाताण थांबते. V जर C पेक्षा मोठा असता तर ती थांबलीच नसती. सगळेच ससाणे झाले असते.

आता बहुतेकांकडून राहून जाणारी पायरी. दोघांना सारखंच मिळतं, एवढ्याने स्थैर्य सिद्ध होत नाही. प्रत्येक प्राणी ४० टक्के वेळा ससाण्यासारखा आणि बाकी वेळा कबुतरासारखा वागतो असं धरा. अशा कळपात निव्वळ ससाणा शिरला तरी त्याला १.२ च मिळतात, म्हणजे पहिल्या फेरीत तो मागे पडत नाही. म्हणून दुसरी कसोटी लावायची: त्या नवख्याशी गाठ पडल्यावर मूळचा प्राणी जास्त कमावतो, की नवखा आपल्याच जातभाईशी भिडून? ससाण्यासमोर मूळच्याला उणे १.२ मिळतात आणि ससाण्याला ससाण्यासमोर उणे ३. नवखा कबूतर असेल तर मूळच्याला त्याच्यासमोर २.८ मिळतात आणि कबुतराला कबुतरासमोर २. दोन्हीकडे मूळचाच वरचढ ठरतो. स्थैर्य सिद्ध होतं ते इथे.

तुमच्या प्रश्नातली खरी मौज मात्र पुढे आहे. ते हरवलेले २ परत मिळू शकतात, पण चांगुलपणातून नाही. प्राण्यांना तिसरा डाव द्या: ‘जागा माझी असेल तर लढेन, मी उपरा असेन तर निघून जाईन.’ मेनार्ड स्मिथ याला बूर्ज्वा म्हणत. निम्म्या वेळा आपण मालक, निम्म्या वेळा उपरे असं धरलं, तर बूर्ज्वाला बूर्ज्वासमोर (४ + ०)/२ = २ मिळतात. त्यांच्यात घुसलेल्या ससाण्याला फक्त ०.५ मिळतात आणि कबुतराला १. सगळे कबूतर असताना होती तेवढीच कमाई, पण या वेळी कुणालाच घुसखोरी परवडत नाही.

प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक निक डेव्हिस यांनी ऑक्सफर्डजवळच्या वायटमच्या जंगलात स्पेकल्ड वूड फुलपाखरांवर हेच पाहिलं. तो अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. जमिनीवर पडणारा उन्हाचा कवडसा ही नराची जागा. दुसरा नर आला की दोघं गिरक्या घेत वर उडतात आणि काही सेकंदांत उपरा निघून जातो. डेव्हिस यांनी मालकाला जाळीत पकडलं, रिकाम्या कवडशात दुसऱ्याला बसू दिलं आणि मग पहिल्याला सोडलं. जिंकला तो नवा मालक. दोघांनाही आपणच मालक वाटेल अशी वेळ आणली, तेव्हा गिरक्या साधारण दहापट लांबल्या.

हे उदाहरण वापराल तेव्हा एक काळजी घ्या. उन्हात बसलेल्या नराचं अंग तापलेलं असतं, त्यामुळे तो चपळ असतो आणि म्हणून जिंकतो, असा आक्षेप पुढच्या संशोधकांनी घेतला. तसं असेल तर मालकी ही नुसती खूण राहत नाही. मालक खरोखरच जास्त ताकदवान ठरतो आणि दोघांना समान धरणारा वरचा हिशोब तिथे जसाच्या तसा लावता येत नाही. आणखी एक गोष्ट कागदावर स्वतः करून पाहा: ‘उपरा असेन तर लढेन, मालक असेन तर सोडून देईन’ हा उलटा डावही याच आकड्यांत तितकाच स्थिर निघतो.