कॅप्शनमधली भीती काढ, पिन ठेव

ऑनलाइन फसवणुकीपासून ग्राहकांना सावध करणाऱ्या बँकेच्या पोस्टचा तुझा मसुदा वाचला. ‘सावधान! तुमचं खाते रिकामं होऊ शकतं!’ हे आधी खोड. ‘आज रात्री वीज कापली जाईल’ असा मेसेज धाडणारा भामटाही याच सुरात बोलतो. बँकेने तोच सूर लावला तर ग्राहकाने फरक ओळखायचा कसा?

शिवाय तू ओटीपी, लिंक, क्यूआर सगळं एकाच पोस्टमध्ये कोंबलंयस. एकच प्रसंग घे. कुणीतरी जुना सोफा चार हजारांना विकायला काढलाय. घेणारा फोनवर म्हणतो, ‘क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा, पैसे जमा होतील.’ स्कॅन केल्यावर स्क्रीनवर ४,००० दिसतात, खाली पिनचे चौकोन. विकणाऱ्याला वाटतं, पैसे आले. प्रत्यक्षात पिन टाकला की ते त्याच्याच खात्यातून जातात. म्हणजे सांगायचं एवढंच:

‘पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला, तर पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. तिथेच थांबा. चुकून गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा.’

‘यूपीआय प्रमाणीकरण’ वगैरे नको, माझ्या आईला ‘पिन’च कळतो. ‘लगेच’ मात्र काढू नकोस. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत तक्रार गेली, तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. आणि पोस्टखाली ‘अधिक माहितीसाठी क्लिक करा’ अशी लिंक कृपा करून देऊ नकोस.