आधी मोज, मग वाच

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. पहिल्याच वॉर्ड पोस्टिंगनंतर तू ओळीने वाचणं सोडलंस, आणि आता पोर्शन राहील म्हणून रडतेस. थांब जरा. त्या दिवशी नेमकं काय झालं, ते आधी नीट बघू.

सात नंबर बेडच्या काकांच्या चार्टवर रात्रीपासून श्वसन २०, २०, २०. तूही पंधरा सेकंद मोजून चारने गुणणार होतीस. त्यात एक श्वास चुकला की मिनिटाला चारचा फरक पडतो. सिस्टरनी पूर्ण मिनिट मोजायला लावलं. नाडी झाल्यावरही बोटं मनगटावरच ठेवायला सांगितली, कारण श्वास मोजतायत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. भरले ३२. खोल, एकसारखे. ऑक्सिमीटरवर मात्र ९८.

म्हणूनच सांगते, आधी मोज, मग वाच. 'कुसमाउल श्वसन: खोल आणि जलद' ही ओळ तुला पाठ होती, पण चार्टवरच्या २० ला ती चिकटणार कशी?

पुढे साखर ४१२ निघाली, लघवीत कीटोन. त्या रात्री तू धडा पहिल्या पानापासून न वाचता एकच प्रश्न घेऊन बसलीस: ऑक्सिजन पुरेसा असताना दम का लागावा? उत्तर तूच शोधलंस. इन्सुलिन नाही म्हणून शरीर चरबी जाळतं, कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होतं, आणि ते आम्ल कमी करायला फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकतात. म्हणजे नुसता मास्क लावून तो श्वास शांत होणार नव्हता. सलाइन आणि इन्सुलिनच हवं होतं. मग इन्सुलिन चालू असताना पोटॅशियम पुन्हा पुन्हा का तपासतात, तेही शोधलंस: इन्सुलिन त्याला पेशींत ढकलतं, रक्तात ते घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एका आकड्यातून फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री दोन्ही निघाली, आणि तू म्हणतेस पोर्शन राहिला!

राहील थोडा, हे खरं आहे. चेन-स्टोक्स श्वसन या पोस्टिंगला दिसेलच असं नाही. जे दिसणार नाही ते गुमान पाठ कर, त्याला माझी ना नाही. पण जे बेडवर आहे ते आधी मोज. न मोजता लिहिलेल्या २० वर मी सही करत नाही, म्हणून पोरी मला खडूस म्हणतात. म्हणू देत. प्रकृती बिघडताना श्वसन बऱ्याचदा बीपीच्या आधी बदलतं आणि चार्टवर सगळ्यात जास्त अंदाजाने तेच भरलं जातं. मग खडूसपणा करायचा तरी कुठे?

उद्या एकच पेशंट घे. वहीच्या डाव्या पानावर तू स्वतः मोजलेलं लिही, उजव्या पानावर त्याचं 'का'. उजवं पान कोरं राहिलं तर वही घेऊन ये. डावं कोरं असेल तर येऊ नकोस.

तुझी,
मॅडम