मेंढीकोटमध्ये उरलेली मोठी पानं कुणाकडे आहेत, हे कसं ओळखायचं?

बावन्न पानं लक्षात ठेवू नका. मी दर डावात एकच रंग धरतो, ज्यात माझ्याकडे राजा आहे तो. बाकीच्यांचे फक्त एक्के आणि मेंढ्या.

चवथीला आमच्या घरी झालेला डाव सांगतो. हुकूम इस्पिक. माझ्याकडे बदामची राजा, मेंढी, छक्की, दुरी. म्हणजे बाहेर नऊ. भिडूने राणी उतरली, उजवीकडच्याने पंजी टाकली, मी धोका पत्करून मेंढी टाकली. डावीकडच्याने चौकी टाकली. शेवटचा खेळणारा तो, समोर मेंढी, तरी एक्का आला नाही. म्हणजे त्याच्याकडे एक्का नाहीच. उजवीकडच्याबद्दल मात्र काही कळलं नाही, कारण तो खेळला तेव्हा मेंढी पडलेलीच नव्हती आणि मुरलेले लोक एक्का दाबून बसतात.

भिडूने परत गुलाम उतरला. सत्ती, माझी दुरी, आणि डावीकडच्याने हुकमाने कापलं. त्याचे बदाम संपले! बाहेर उरले एक्का, नव्वी, अठ्ठी, तिरी, आणि ते दोघांतच. एक्का असता तर भिडूने बहुधा तोच आधी ओढला असता. म्हणून मी तो उजवीकडे धरला आणि पुढच्या बदामला राजा राखून छक्की दिली.

हा शेवटचा अंदाजच, खात्री नव्हे. नवखा भिडू असेल तर तो एक्का हातात ठेवूनही राणी उतरतो. आमच्या काकांनी मला असं दोनदा बुडवलंय.