एक्स-रे मशीनच्या मॅन्युअलचं भाषांतर: लीकेजच्या मर्यादेत ‘ताशी’ लिहू नका

प्रश्न: डिजिटल एक्स-रे मशीनचं सर्व्हिस मॅन्युअल मराठीत करतोय. ट्यूब आणि डिटेक्टरचे भाग उरकलेत. रेडिएशन शिल्डिंगच्या भागात अर्थ बिघडेल अशी जागा कोणती?

लीकेजच्या, म्हणजे ट्यूबच्या हाऊसिंगमधून बाहेर निसटणाऱ्या रेडिएशनच्या, मर्यादेचं वाक्य. मी मुंबईत या मशीनची सर्व्हिस करतो आणि मराठी मसुदे तपासतो. तिथे बहुतेक वेळा ‘लीकेज ताशी 1 मिलिग्रेपेक्षा कमी असावं’ असं लिहिलेलं सापडतं. वाचायला सरळ वाटतं, पण चूक आहे.

मूळ मर्यादा अशी आहे: ट्यूबपासून 1 मीटरवर, एका तासाच्या कामात मिळून 1 मिलिग्रे. ‘ताशी’ म्हटलं की वाचणारा सर्व्हे मीटरचा आकडा बघतो, कारण तोही मिलिग्रे प्रति तासातच असतो. मीटर मात्र ट्यूब चालू असतानाचा वेग दाखवतो, आणि रेडिओग्राफीची ट्यूब तासभर सलग चालूच नसते.

उदाहरण घ्या. कोलिमेटर पूर्ण बंद केला, ट्यूबला चालेल तेवढा जास्तीत जास्त केव्ही लावला, 100 एमए ठेवला आणि 1 मीटरवर सगळ्या बाजूंनी मोजलं. सर्वांत मोठं रीडिंग आलं 12 मिलिग्रे प्रति तास. ‘ताशी 1’ वाचलेला टेक्निशियन मशीन नापास करून मोकळा होईल. पण रेडिओग्राफीसाठी तासाभराचं काम 180 एमए-मिनिटं धरतात. म्हणजे 100 एमएवर ट्यूब तासात फक्त 1.8 मिनिटं चालू. तेवढ्या वेळाचं लीकेज असं निघतं:

```
12 × 180 / (60 × 100) = 0.36 mGy
```

मशीन आरामात पास. एईआरबी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, यांच्या गुणवत्ता चाचणीतही हाच हिशोब असतो.

ही चूक सुरक्षित बाजूला झुकते, तर चालेल, असं कुणी म्हणेल. मला पटत नाही. चांगली ट्यूब हाऊसिंग बदलायला काढली तर हॉस्पिटलचा मोठा खर्च होतो. आणि दोन-चार मशीन अशी ‘नापास’ झाली की टेक्निशियन मर्यादेकडे बघायचंच सोडतात. मग खरंच हाऊसिंगचं शिसं सरकलेलं मशीनही निसटतं.

म्हणून वाक्य लांबलं तरी चालेल, ‘एका तासाच्या कामात मिळून’ हे शब्द ठेवा. हिशोब मॅन्युअलमध्ये दिलेला नसेल तर कंपनीकडून लेखी मागवा, स्वतःहून घालू नका. फ्लुरोस्कोपीचं तासाभराचं काम वेगळं धरतात, तिथे 180 चालणार नाही.

त्याच भागात ‘2 मिमी शिशाइतकं’ असं काही आलं तर पुढे किती केव्हीला ते बघा. शिसं सोडून दुसऱ्या मालाचं शिल्डिंग असेल तर केव्ही बदलला की ही बरोबरीही बदलते. जागा वाचवायला केव्हीचा आकडा टेबलमधून गाळला जातो. तो गाळू देऊ नका.