हाताने लिहिलेली बिलं आणि न जुळणारी बेरीज

प्रश्न: साइटवरची मुलं हाताने लिहिलेली बिलं आणून देतात, ती मला एक्सपेन्स रिपोर्टला चढवायची असतात. माझी बेरीज आणि बिलावरची रक्कम जुळत नाही. कोणती धरायची?

उत्तर: आधी कोणतीच धरू नका. बिलावर जे लिहिलंय ते जसंच्या तसं चढवा, दुकानदाराची चूक दिसली तरी सुधारू नका. प्रत्येक ओळीचे नग किंवा वजन, भाव आणि लिहिलेली रक्कम असे तीन रकाने करा, आणि चौथ्यात फरक काढा. C मध्ये वजन, D मध्ये भाव आणि E मध्ये रक्कम असेल तर:

```
=ROUND(C2*D2,2)-E2
```

हमालीसारख्या ओळीला वजन 1 आणि भावाच्या जागी रक्कम टाका. शून्य आलं की ती ओळ सुटली.

मी नागपुरात एका ठेकेदाराकडे हिशेब बघतो. आमचं निम्मं सामान इतवारीतून येतं, आणि तिथल्या बिलांवर आकडे कधी मराठी, कधी इंग्रजी, कधी एकाच ओळीत दोन्ही. खरा घोळ इथेच होतो. घाईत काढलेला मराठी ४ इंग्रजी 8 सारखा दिसतो आणि मराठी १ इंग्रजी 9 सारखा. जुन्या वळणाचे शेठ अडीच किलो २॥ असं लिहितात. त्या दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, पण नवीन पोरगं ते 211 वाचतं. तसंच ५०/- मधली तिरपी रेघ सरळ पडली की 501 होतात.

एक बिल घेऊन बघू. खिळे ३ किलो, भाव ९०, रक्कम २७०. बांधायची तार ४ किलो, भाव ८५, रक्कम ३४०. ब्रश ६ नग, भाव ३५, रक्कम २१०. हमाली ५०. खाली एकूण ८७०. तुम्ही तारेचे ३४० चुकून 380 वाचले, तर तुमची बेरीज ९१० येईल आणि फरक ४० चा. चौथ्या रकान्यात तारेच्या ओळीसमोर उणे ४० दिसेल, कारण चार गुणिले पंच्याऐंशी तीनशे चाळीसच होतात. वजनच 8 वाचलं असतं तर गुणाकार ६८० झाला असता, तोही कशालाच जुळला नसता. म्हणजे कोणता आकडा चुकला ते अक्षराकडे टक लावून बघण्यापेक्षा गुणाकारच लवकर सांगतो.

ओळी सगळ्या जुळल्या आणि तरी तुमच्या रिपोर्टची एकूण बेरीज बिलांच्या गठ्ठ्याशी जुळत नसेल, तर फरकाचा आकडा बघा. त्याला ९ ने पूर्ण भाग गेला तर टाइप करताना दोन आकडे उलटे पडले असण्याची शक्यता मोठी. २७० च्या जागी ७२० टाकले तर फरक ४५०, म्हणजे नऊ पन्नासा. शून्य कमी-जास्त पडलं तरी भाग जातोच, त्यामुळे तेही तपासा. फरक एखाद्या बिलाच्या रकमेइतकाच असेल तर ते बिल राहिलंय किंवा दोनदा चढलंय.

आता खरी अडचण. याच बिलावर अंकात ८७० आहेत आणि खाली अक्षरी लिहिलंय, 'आठशे पन्नास फक्त'. पुष्कळ जण लगेच म्हणतात, अक्षरी रक्कमच धरायची. तो नियम चेक आणि प्रॉमिसरी नोटसारख्या कागदांचा आहे, १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १८ मधला. दुकानाच्या बिलावर तो आपोआप लागू होत नाही. तुम्हाला परत द्यायचे आहेत ते त्या माणसाच्या खिशातून गेलेले पैसे, म्हणून आणणाऱ्याला विचारायचं, "भाऊ, किती दिले?" आणि यूपीआयने दिले असतील तर मोबाइलवरची नोंद बघायची. बहुतेकदा वीस रुपये घासाघीस करून कमी केलेले असतात आणि शेठनं ते वजा करून दाखवायचे राहिलेले असतात. रिपोर्टमध्ये बिल ८७०, सूट २०, दिले ८५० असं तिन्ही दाखवा. आमच्याकडे आधीच्या मुलानं जुळवाजुळव करायला तारेचा भाव ८० केला होता. बेरीज सुंदर जुळली, पण ऑडिटवाल्यांनी मूळ बिल काढलं आणि ती ओळ नेमकी त्यांच्या नजरेत आली.

उलट अक्षरी रक्कम अंकातल्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर मागची बाकी त्यात धरली आहे का ते विचारा. ती बाकी जुन्या खरेदीची असते, तिचं बिल आधीच कुणीतरी लावलेलं असू शकतं.

आणि अंकावर खाडाखोड दिसली, शाई दोन रंगांची वाटली, तर वाद घालत बसू नका. बिलबुकची कार्बन कॉपी दुकानात असते. बिल नंबर सांगून तिचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा, आणि तो येईपर्यंत ती रक्कम रिपोर्टमध्ये 'प्रलंबित' ठेवा.