बिफोर नक्की कोणती जात? पुढचं पूर्ण वाचल्याशिवाय ठरवू नका

प्रश्न: 'वुई रीच्ड बिफोर द ट्रेन लेफ्ट' यात बिफोरच्या पुढे नाम आहे म्हणून मी प्रिपोझिशन लिहिलं, ते चूक दिलं. मग ओळखायचं तरी कसं? हार्डचंही माझं असंच चुकतं.

उत्तर: 'द ट्रेन' दिसल्यावर तुम्ही थांबलात, एक शब्द अजून वाचायला हवा होता. पुढे 'लेफ्ट' आहे, म्हणजे ट्रेन हा त्या क्रियापदाचा कर्ता झाला आणि बिफोरने अख्खं उपवाक्य जोडलंय, म्हणून ते कन्जंक्शन. 'वुई रीच्ड बिफोर द ट्रेन' इथेच वाक्य संपलं असतं तर तुमचं उत्तर बरोबर होतं.

मला वाटतं ही चूक आपल्याकडून जास्त होते कारण आपण मनात मराठी करून बघतो. मराठीत आपण 'गाडी सुटण्याआधी' म्हणतो, म्हणजे क्रियापदाचं 'सुटणं' असं नाम करून त्याला 'आधी' चिकटवतो, मग ते शब्दयोगी अव्ययच वाटणार ना. इंग्रजीत 'लेफ्ट' हे काळ दाखवणारं क्रियापद तसंच उभं असतं. त्यामुळे इथे भाषांतरावरून जात ठरवायची नाही.

'बिफोर ईटिंग' मध्ये मात्र प्रिपोझिशन, कारण ईटिंगला स्वतःचा कर्ता नाही, काळ नाही, ते नामाचं काम करतंय. 'बिफोर ही एट' केलं की लगेच कन्जंक्शन.

पुढे काहीच नसेल तर बहुतेक वेळा ॲडव्हर्ब, जसं 'आय हॅव सीन हिम बिफोर'. पण बहुतेक म्हणतोय हां, कारण 'हूम डिड ही स्टँड बिफोर' यातही शेवटी बिफोरच आहे आणि तरी ते प्रिपोझिशन आहे, त्याचं कर्म 'हूम' फक्त वाक्याच्या सुरुवातीला गेलंय. शंका आली तर बिफोरच्या जागी 'अर्लियर' टाकून बघा, पहिल्या वाक्यात छान बसतं, दुसऱ्यात वाक्यच मोडतं.

आता हार्ड. ते नामाच्या आधी आलं तर सोपंच आहे, ॲडजेक्टिव्ह. गोंधळ होतो तो शेवटी आलं की. 'ही हिट द बॉल हार्ड' आणि 'ही बॉइल्ड द एग हार्ड' ही दोन वाक्यं दिसायला अगदी सारखी, पण विचारा, क्रियेनंतर ती वस्तू तशी झाली का? अंडं उकडून घट्ट झालं, म्हणजे हार्ड अंड्याबद्दल सांगतंय, ॲडजेक्टिव्ह. चेंडू काही घट्ट झाला नाही, तो जोरात मारला, म्हणजे हार्ड मारण्याबद्दल सांगतंय, ॲडव्हर्ब. आणि हार्डला 'ली' लावून तपासायला जाऊ नका प्लीज, 'हार्डली' म्हणजे 'जेमतेम', तो अर्थच वेगळा.